गोराईच्या विहिरीत समुद्र शिरला का?

बोरिवलीहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की गोराई लागतं. तिथून दक्षिणेला मनोरी, उत्तरेला उत्तन. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गावठाण, नारळ, थोडी भातशेती आणि विहिरीच्या पाण्यावरचे भाजीचे मळे. मुंबई उपनगरात शेतीच्या विहिरीत खारं पाणी शिरतं का, हा प्रश्न आजही खरोखर पडतो तो या भागात. मार्चनंतर विहीर मचूळ होऊ लागली की तर्कवितर्क सुरू होतात. त्यातले काही बरोबर असतात, पण बरेचसे चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात.

गैरसमज: जिभेला खारं लागत नाही तोवर पिकाला धोका नाही

जीभ हे उपकरण उशिरा जागं होतं. पाण्यातल्या मिठाची चव बहुतेकांना कळते ती क्लोराइड लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम झाल्यावर. फरसबीसारखं नाजूक पीक इतका वेळ थांबत नाही. पाण्याची विद्युतवाहकता ७०० मायक्रोसीमेन्सच्या पुढे सरकली की फरसबीचा उतारा घटू लागतो, आणि तेव्हा तेच पाणी माणूस गोडं म्हणून पितो. उलट बीट २,७०० पर्यंत तग धरतं. म्हणजे ‘पाणी चालेल का’ याचं उत्तर पिकागणिक बदलतं, आणि चाखून ते मिळत नाही.

विद्युतवाहकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते याचं माप. क्षार जास्त, तर वहन जास्त. एकक मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर; पुढे नुसतं मायक्रोसीमेन्स म्हणू. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५०,००० असते आणि त्यात लिटरमागे साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. पावसाळ्यानंतरच्या चांगल्या विहिरीत हेच आकडे काहीशे आणि काही दशकं इतकेच असतात.

गैरसमज: मीटरचा आकडा वाढला म्हणजे समुद्र आत आला

हा सगळ्यात चिवट गैरसमज. खिशातलं मीटर स्वस्त झाल्यापासून तो आणखी पसरला आहे. मीटर क्षार मोजतं, ते कुठून आले हे सांगत नाही. खतातलं नायट्रेट, शोषखड्ड्यातून झिरपलेलं सांडपाणी, खडकातून विरघळलेलं बायकार्बोनेट, या सगळ्यांनी आकडा चढतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी होतं, बाष्पीभवन होतं, मळ्यातलं झिरपलेलं पाणी पुन्हा विहिरीत येतं, आणि आहे तेच पाणी घट्ट होत जातं. यात समुद्राचा काही हात नाही.

दोन विहिरी घेऊ. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मांडलेले आहेत, कुठल्या एका मळ्याचे नाहीत. पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं रसायनशास्त्राला धरून आहे. महिने ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे आपल्या नोंदी तिच्या नोंदींशेजारी ठेवता येतात.

पहिली विहीर खाडीच्या बाजूची. ऑक्टोबरात वाहकता ६२०, क्लोराइड ६०. जानेवारीत ७८० आणि १०५. मार्चमध्ये १,२५० आणि २४५. मे महिन्यात १,९०० आणि ४३०. दुसरी विहीर गावठाणाला लागून. ऑक्टोबरात ९०० आणि ११०, मे महिन्यात १,७०० आणि १९०.

नुसतं मीटर घेऊन मे महिन्यात गेलेला माणूस म्हणेल, दोन्ही विहिरी सारख्याच बिघडल्या. आता पटीत बघा. दुसऱ्या विहिरीत वाहकता दुपटीपेक्षा थोडी कमी वाढली आणि क्लोराइडही जवळपास तेवढ्याच पटीत वाढलं. असलेलं पाणी घट्ट झालं, बाहेरचं मीठ फारसं आलं नाही, असा याचा अर्थ. पहिल्या विहिरीत वाहकता तिप्पट झाली, पण क्लोराइड सातपट. नुसतं आटल्याने असं होत नाही. जास्त क्लोराइडचं पाणी कुठून तरी आत येतंय.

आणखी एक ताळा घ्यावा. पहिल्या विहिरीत क्लोराइड ३७० ने वाढलं आणि वाहकता १,२८० ने. म्हणजे वाहकतेच्या दर शंभराला २९. पातळ झालेलं समुद्राचं पाणी हाच दर देतं. इथे हुशार लोकही फसतात. १९,००० भागिले ५०,००० करून ते ३८ चा दर धरतात आणि २९ आला म्हणून ‘समुद्र नाही’ असा निकाल देतात. मिठाचं पाणी पातळ होतं तसं त्याच क्षाराची वीज वाहण्याची ताकद वाढते, म्हणून विहिरीतल्या प्रमाणांना शंभराला २८ ते ३० हाच दर लावायचा. दुसऱ्या विहिरीत हा दर १० भरतो.

समुद्राचा वाटा किती, हेही काढता येतं. वाढलेलं क्लोराइड ३७०, त्याला समुद्र आणि गोड्या पाण्यातला फरक, म्हणजे सुमारे १८,९४०, याने भागा. उत्तर दोन टक्क्यांच्या आसपास. शंभर बादल्यांत दोन बादल्या समुद्राच्या. एवढ्यानेही विहीर बिघडते: पृष्ठभागावरून पाणी देताना क्लोराइड ३५० च्या वर गेलं की संवेदनशील पिकांसाठी ते गंभीर मानतात. वाहकतेच्या कोष्टकात मात्र १,९०० हा आकडा अजून ‘मध्यम’ रकान्यातच बसतो, कारण तिथली गंभीर पातळी ३,००० ला सुरू होते. नुसत्या मीटरवर विसंबलेल्याला धोक्याची सूचना मिळतच नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. सांडपाण्यात घरातलं मीठ असतं, त्यामुळे तेही क्लोराइड वाढवतं. म्हणून मे महिन्याच्या नमुन्यात एकदा नायट्रेट आणि सोडियम तपासून घ्यावं. नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे असेल, तर बोट आधी शोषखड्ड्याकडे आणि खताकडे जातं. समुद्राच्या पाण्यात सोडियमचे आयन क्लोराइडच्या ०.८६ पट असतात. खारं पाणी नव्याने जमिनीत शिरतं तेव्हा माती सोडियम धरते आणि कॅल्शियम सोडते, म्हणून हे प्रमाण आणखी खाली येतं. सांडपाण्यात ते बहुधा एकाच्या वर असतं.

मोजण्यातल्या चुकाही ठरावीक असतात. मीटरवर ‘पीपीएम’ दाखवणारी खूण असेल तर ती वापरू नका. तो आकडा वाहकतेला कुठल्या तरी गुणकाने गुणून येतो आणि गुणक कंपनीगणिक वेगळा असतो. दरवेळी १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात मीटर बुडवून बघा. क्लोराइडसाठी प्रयोगशाळेत ५० मिलिलिटर नमुन्यात पोटॅशियम क्रोमेट घालतात आणि वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. पिवळ्या पाण्यात पांढरा गढूळपणा येतो आणि शेवटी विटकरी छटा टिकते, तिथे थांबायचं. द्रावण ०.०१४१ नॉर्मल असेल तर खर्च झालेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोराइड. मे महिन्याचं पाणी खारट, त्यामुळे १० मिलिलिटर नमुना ५० पर्यंत पातळ करून घेतात. खर्च ८.६ मिलिलिटर. त्याला ५० ने गुणलं की ४३०. पातळ केल्याचं विसरून १० ने गुणलं तर अहवालात ८६ छापून येतं, जानेवारीपेक्षाही कमी! वाहकता चढत असताना क्लोराइड असं एकाएकी पडलेलं दिसलं, तर समुद्र मागे हटला असं समजण्याआधी प्रयोगशाळेला गुणाकार विचारा.

गैरसमज: आमची विहीर किनाऱ्यापासून लांब आहे

लांब कुठल्या किनाऱ्यापासून? गोराईत समुद्रापासून सर्वांत दूर असलेली विहीर खाडीच्या सर्वांत जवळ असते, आणि भरतीला खाडीचं पाणीही खारंच. शिवाय खारं पाणी नेहमी जमिनीखालूनच येतं असं नाही. उधाणाच्या भरतीला बांध फुटून ते शेतात पसरलं, तर वरून झिरपत विहिरीत उतरतं. ओळखायची खूण वेळेत आहे. खालून येणारं पाणी महिनोन्‌महिने चढतं, पहिल्या विहिरीसारखं. वरून आलेलं एका उधाणानंतर झटकन उडी घेतं. म्हणून नोंदवहीत आकड्याशेजारी तिथी आणि भरतीची वेळ लिहावी. चारही मोजण्या भांगाच्या दिवसांत केल्या तर त्यांची एकमेकींशी तुलना सोपी जाते.

गैरसमज: विहीर आणखी खोल केली की गोडं पाणी लागेल

देशावर हे खरं ठरू शकतं, किनाऱ्यावर बहुधा उलटं होतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. वाळूच्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्याचा थर राहतो. उलटा हिशेब मोठा बोचरा आहे: उपशाने पातळी कायमची पाव मीटर उतरली, तर कालांतराने खारी सीमा दहा मीटर वर येते. शिवाय पंपाच्या बरोबर खाली ती फुगून उंच चढते. विहीर खोल करणं किंवा तळाशी बोअर मारणं म्हणजे आपणच त्या फुगवट्याकडे उतरणं.

या पट्ट्यात वाळूखाली लाव्हारसाचा कठीण खडक आहे, आणि तिथे चाळिसाचा नियम काटेकोर चालत नाही. पाणी भेगांतून वाहतं. एक भेग थेट खाडीला भिडलेली असली, तर शेजारची विहीर गोडी आणि आपली खारी असं होऊ शकतं. म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपला अंदाज बांधू नये. पंप सलग चार तास चालवण्याऐवजी सकाळी-संध्याकाळी थोडा थोडा चालवून पाहावा आणि उपशाच्या सुरुवातीला व शेवटी वाहकता घ्यावी. शेवटचा आकडा ठळकपणे जास्त येत असेल, तर खारं पाणी वर ओढलं जातंय. विहीर उथळ आणि रुंद असणं इथे फायद्याचं. वसईतल्या बावखलांचा आकार काही उगीच तसा नाही.

गैरसमज: पाऊस पडला की विहीर धुऊन निघते

पहिल्या सरींनंतर काही विहिरींत आकडा उलट वाढतो, कारण उन्हाळाभर मातीत साचलेले क्षार पाण्याबरोबर खाली उतरतात. जूनमध्ये एकच नमुना घेऊन घाबरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये बादली सोडून घेतलेला नमुनाही फसवतो, पण दुसऱ्या बाजूने. पावसाचं ताजं पाणी वर तरंगतं, बादली तेवढंच उचलते, आणि तळाशी मे महिन्याचं मचूळ पाणी जागेवरच असतं.

यासाठी बाटलीला दगड बांधावा आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली तळापासून हातभर वर थांबवून बुच ओढायचं, ती भरू द्यायची आणि वर घ्यायची. मग हेच मध्यावर आणि वरच्या थरात करायचं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर पाणी खरोखर बदललंय. वर ३०० आणि तळाशी १,४०० असेल, तर ऑक्टोबरात पंपाचं सक्शन तळातून उचलून वरच्या थरात टांगावं आणि फरसबीच्या जागी यंदा बीट लावायचं का, हे जानेवारीचा आकडा हातात आल्यावर ठरवावं.