घास अडकला, नोंद काय करावी?

‘मूल गुदमरले, आता बरे आहे’ एवढ्या नोंदीवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. समजा, पाळणाघरात खाऊच्या वेळी दीड वर्षाच्या मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष अडकले. खोकला थांबला, आवाज फुटेना, म्हणजे श्वास पुरता अडला, हे आधी लिहावे. मग केलेले उपाय क्रमाने: पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, तळहाताने पाच थापा, नंतर बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. दुसऱ्या फेरीत द्राक्ष निघाले. तोवर दुसऱ्या ताईंनी १०८ला फोन लावला होता. घशात बोट घातले नाही, कारण न दिसणारा घास त्याने आणखी आत सरकतो.

पालकांना लगेच फोन करून पोटावर दाब दिल्याचे स्पष्ट सांगावे. आत इजा झाली असू शकते, म्हणून मूल हसत-खेळत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.