पत्ता एक, चाळण्या दोन

लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्सची थकबाकी, पाणीकपातीचा निरोप आणि मागच्या वर्षीच्या गणपतीचा हिशेब यांच्या गर्दीत एक नवा कागद लागतो : ‘यापुढे सर्व तक्रारी सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरच पाठवाव्यात.’ खाली सेक्रेटरीची सही आणि शिक्का. रहिवासी तो वाचतात, मान डोलावतात आणि संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरी दिसले की नेहमीप्रमाणे त्यांनाच गाठतात. ‘अहो काका, आमच्या बाथरूमचं काय झालं?’

दोष रहिवाशांचा नाही. नोटीस पत्ता सांगते, पण त्या पत्त्यावर गेलेल्या तक्रारीचं पुढे काय होतं, हे सांगत नाही.

आजवर तक्रारी पाच-सहा वाटांनी यायच्या. कोणी वॉचमनला सांगायचं, कोणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचं, कोणी खजिनदारांना भाजीच्या गाडीपाशी अडवायचं. ग्रुपवरची तक्रार दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. तोंडी तक्रारीची तारीख कोणालाच आठवत नाही. या तारखेला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने लेखी तक्रार दिली की कमिटीने पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय घ्यायचा आणि तो त्यानंतर पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. तक्रार कधी आली हेच ठाऊक नसेल, तर ती कोणत्या बैठकीत यायला हवी होती हे कसं ठरवणार?

म्हणून पेटी एक. ती सेक्रेटरीच्या खासगी खात्यावर नको, सोसायटीच्या नावाच्या खात्यावर हवी. पासवर्ड दोघांकडे असावा आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर सोसायटीच्या ऑफिसचा असावा. नाहीतर कमिटी बदलते, जुने सेक्रेटरी मुलाकडे बंगळुरूला जातात आणि काही वर्षांचा तक्रारींचा इतिहास त्यांच्या फोनबरोबर निघून जातो.

पेटी उघडणाऱ्याच्या हातात दोन चाळण्या असतात. पहिलीचा प्रश्न एवढाच, की हे काम उद्यावर टाकलं तर काय बिघडेल? दुसरीचा प्रश्न, हे काम कोणाचं? तक्रार किती रागाने लिहिली आहे याला दोन्ही चाळण्यांत जागा नाही. मोठ्या अक्षरांत, दहा उद्गारचिन्हांसह आलेली पार्किंगची तक्रार कमिटीच्या बैठकीपर्यंत थांबू शकते. ‘जमल्यास बघा, मीटरच्या खोलीत थोडं पाणी दिसतंय’ ही नम्र ओळ थांबू शकत नाही.

काही गोष्टी तर पेटीत येताच कामा नयेत. लिफ्टमध्ये माणूस अडकणं, गॅसचा वास, ठिणग्या, आग. मेल कोणी कधी उघडेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी थेट फोन करायचा आणि मेल नंतर, नोंदीपुरता. हे वाक्य नोटिशीत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत हवं. बहुतेक नोटिशींत ते नसतंच.

आता एक तक्रार शेवटपर्यंत न्यायची. समजा, बी-३०२ मधल्या काकूंनी सोमवारी लिहिलं : ‘बाथरूमच्या छताला ओल आली आहे, वरच्यांना सांगा.’ सोबत एक फोटो. मॅनेजर आधी पोच देतो आणि विषयाच्या ओळीत क्रमांक घालतो. ही पोच हातानेच द्यावी. जीमेलच्या आपोआप उत्तरावर विसंबलं, तर ते एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच जातं. काकूंनी बुधवारी दुसरी तक्रार केली तर त्यांना काहीच उत्तर मिळणार नाही आणि आपल्याकडे दुर्लक्ष झालं असं त्यांना वाटेल.

पहिल्या चाळणीसाठी मॅनेजर उलट विचारतो : पाणी दिव्याच्या किंवा गिझरच्या वायरिंगजवळ आहे का? असेल तर तिथला वीजपुरवठा बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियन आजच बोलवायचा. नसेल तर काम या आठवड्याचं.

दुसरी चाळणी अवघड असते, कारण ‘वरच्यांना सांगा’ हे काकूंनी काढलेलं अनुमान आहे, तपासाने ठरलेलं नाही. पाणी कुठून येतं हे ते कधी येतं यावरून बरंचसं कळतं. रात्रंदिवस सारखं ठिबकत असेल तर संशय नळाच्या पाइपवर, कारण त्यात पाण्याचा दाब कायम असतो. वरच्या घरातली आंघोळ आटोपल्यावर ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यातच दिसत असेल तर बाहेरची भिंत. म्हणून मॅनेजर ४०२ च्या घरमालकांना विनंती करतो, की रात्री बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवा. सकाळी ठिबकणं थांबलेलं असेल तर पाइप जवळपास सापडला. तसं नसेल तर नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर इंच-दीड इंच पाणी दिवसभर साठवून बघतात. खाली ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे.

उत्तरावर खर्च ठरतो. बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइपलाइन यांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. घरातल्या संडास-बाथरूमच्या आतली गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची असते. ४०२ वाल्यांनी दारच उघडलं नाही, तर कमिटी लेखी पत्र देते. तरी वाद मिटला नाही तर तो सहकार न्यायालयाकडे जातो. सगळे वाद मात्र तिकडे जात नाहीत. विनापरवाना वाढीव बांधकाम महापालिकेकडे जातं, धमकी किंवा मारहाण पोलिसांकडे, आणि कागदपत्रांच्या प्रती नाकारल्या तर उपनिबंधकांकडे. पेटीतून ‘हे आमच्या हातात नाही’ एवढंच उत्तर गेलं तर ती टाळाटाळ होते. सोबत पुढचा दरवाजा कोणता हे लिहिलं, तरच ते काम झालं.

हा सगळा गाडा बहुतेक वेळा फार साध्या जागी अडतो. दोघं जण एकच पेटी उघडतात. एकाने मेल वाचला की तो ‘वाचलेला’ दिसतो, दुसऱ्याला वाटतं उत्तर गेलं असेल, आणि कोणीच लिहीत नाही. यावर वाराप्रमाणे पाळी लावणं पुरतं. आठवड्याला एक माणूस, आणि शनिवारी उघड्या नोंदींची यादी पुढच्याकडे.

तीन मर्यादाही रहिवाशांना ठाऊक असाव्यात. शेजाऱ्याविरुद्धचा मेल ग्रुपवर टाकायचा नसतो, कमिटीनेही नाही. प्रकरण न्यायालयापर्यंत जाईल असं दिसत असेल, तर मेलबरोबर सहीचा कागदी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. आणि ज्या आजोबांना मेल पाठवता येत नाही, त्यांच्यासाठी ऑफिसात वही हवी. त्यांनी सांगायचं, मॅनेजरने त्यांच्यासमोर टाइप करायचं आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा.

काकूंची नोंद प्लंबर येऊन गेला म्हणून बंद होत नाही. ओला स्लॅब वाळायला वेळ लागतो, वरून रंग मारला तर तो पुन्हा सुटतो. डाग पसरायचा थांबला आणि छत हाताला कोरडं लागलं, असं काकूंनी त्याच मेलच्या उत्तरात लिहिलं, की मगच मॅनेजर त्या क्रमांकापुढे ‘पूर्ण’ लिहितो.