पाळी जाताना शुगर का भरकटते

उदाहरणादाखल ४७ वर्षांच्या एका शिक्षिकेची शुगरची वही पाहू. मधुमेह सहा वर्षांचा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. इतकी वर्षं उपाशीपोटीची शुगर ११५ ते १२५च्या दरम्यान असायची. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ती १४०पर्यंत चढायची आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत उतरायची. आता मात्र त्याच वहीत एका आठवड्यात ११८, १७२, १०९ आणि १८१ असे आकडे आहेत. भाकरी तेवढीच, चालणं तेवढंच, गोळ्याही त्याच. घरात मात्र एकच शंका: चोरून गोड खाल्लं असणार. अशा बाईवर हा आरोप करणं मला अन्यायाचं वाटतं, कारण तिची पाळी गेले आठ महिने कधी २३ दिवसांनी, तर कधी ५० दिवसांनी येते आहे, आणि खरं उत्तर तिथे आहे.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक इन्सुलिनच्या मदतीला असतं. त्याच्यामुळे स्नायू रक्तातली साखर नीट उचलतात आणि यकृत गरज नसताना साखर सोडत नाही. प्रोजेस्टेरॉनचा परिणाम साधारण उलटा. त्याचा जोर असतो तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. बीजांड बाहेर पडल्यानंतरच प्रोजेस्टेरॉन वाढतं, म्हणून नियमित पाळीत शुगरची चढ-उतारही नियमित असते. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत ही शिस्त मोडते. एखाद्या महिन्यात बीजांड बाहेर पडतच नाही, मग प्रोजेस्टेरॉनही वाढत नाही. इस्ट्रोजेनही सरळ रेषेत कमी होत जात नाही. काही आठवडे ते तरुणपणापेक्षाही जास्त असतं आणि मग एकदम घसरतं. म्हणजे या काळात शुगर नुसती वाढते असं नाही, ती अनपेक्षितपणे उतरूही शकते. ही दुसरी बाजू फार कमी जणींना सांगितली जाते.

तिचा फटका रात्री बसतो. आपली शिक्षिका रात्री दोनला घामाने भिजून उठते, छातीत धडधडतं. मधुमेह झाला तेव्हा तिला सांगितलं होतं की घाम आणि धडधड म्हणजे शुगर उतरली. त्यामुळे ती साखरपाणी पिते, वर दोन बिस्किटं खाते. सकाळी आकडा १८१. पण पाळी जातानाच्या उष्णतेच्या लाटेतही घाम आणि धडधड हीच लक्षणं असतात. लाट बहुधा छातीतून मान-चेहऱ्याकडे चढते, त्वचा लालसर आणि गरम होते आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. शुगर उतरल्यावर घाम थंड असतो, हात थरथरतात, भूक लागते, काही सुचत नाही. तरी अर्धवट झोपेत हा फरक भल्याभल्यांना कळत नाही, म्हणून ग्लुकोमीटर उशाशीच हवा. बोट धुऊन, कोरडं करून मग टोचायचं. साखरेचा हात लागलेल्या बोटावर आकडा खोटा वाढतो.

तिने चार रात्री तसं तपासलं. तीन रात्री १२८, १४१ आणि १३६ आले. या लाटा होत्या, खाण्याची गरजच नव्हती. खिडकी उघडून पाणी पिणं पुरेसं होतं. चौथ्या रात्री आकडा ६१ होता. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या संध्याकाळी जेवण कमी झालं होतं, आणि ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. आता विचार करा: डॉक्टरांपुढे फक्त सकाळचे १८१ गेले असते आणि गोळी वाढली असती, तर अशीच पुढची रात्र तिच्या जिवावर बेतली असती. बिस्किटं थांबल्यावर सकाळचे आकडे बरेच खाली आले. पूर्ण नाही आले, कारण मोडलेली झोपही कॉर्टिसोल वाढवते आणि यकृताला साखर सोडायला लावते.

तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए१सीची तपासणी तरी खरं सांगेल असं वाटतं. पण या वयात अनेकींना पाळीत फार रक्तस्राव होतो आणि लोह कमी पडतं. लोहाच्या कमतरतेत ही सरासरी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या तांबड्या पेशी भराभर येतात आणि शुगर तेवढीच असूनही सरासरी खाली येते. त्यामुळे अहवालाशेजारी हिमोग्लोबिनचा आकडा ठेवूनच तो वाचायला हवा, आणि वहीत शुगरच्या रकान्यालगत पाळीची तारीख आणि रात्रीची जाग लिहायला हवी.

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर इस्ट्रोजेन कमी पातळीवर स्थिरावतं, तसे हे हेलकावेही बहुधा शांत होतात. मात्र तोवर पोटाभोवती चरबी साठलेली असते, स्नायू घटलेले असतात, त्यामुळे शुगर पूर्वीपेक्षा थोडी वरच्या पातळीवर स्थिर होऊ शकते. गोळ्यांच्या मात्रेचा विचार रात्री शुगर उतरली की लगेच डॉक्टरांशी बोलून करायचा आणि तेव्हा पुन्हा नव्याने, तोही रात्रीचे आकडे समोर ठेवून.