पांढरा कागद फोटोत राखाडी का होतो?

आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायका पितळेची निरांजने घासून, चकचकीत करून विकतात. मागच्या दिवाळीआधी त्यांनी एक निरांजन पांढऱ्या कार्डशीटवर ठेवले, खिडकीचा उजेड होता तरी वरची ट्यूब लावली आणि फोनवर फोटो काढून ग्राहकांना पाठवले. फोटोत कागद धुरकट राखाडी दिसत होता, निरांजनाच्या पोटावर काळे पट्टे होते आणि खाली टोकदार सावली पडली होती. ‘वस्तू जुनी आहे का?’ असे दोन ग्राहकांनी विचारले. त्या बायका माझ्याकडे आल्या, त्या ‘सर, नवा फोन घ्यावा लागेल का?’ हा प्रश्न घेऊन.

फोन चांगला होता. आधी राखाडी कागदाचे कोडे सोडवू. कॅमेऱ्यापर्यंत पोचतो तो फक्त प्रकाश. तो अंधुक उजेडातल्या पांढऱ्या कागदावरून आला की लख्ख उजेडातल्या काळ्या कापडावरून, हे त्या प्रकाशाच्या मोजमापावरून कळत नाही. म्हणून कॅमेऱ्यात एक गृहीत धरलेले असते: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. छायाचित्रकार मध्यम राखाडी म्हणतात तो पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशाचा सुमारे १८ टक्के भाग परत पाठवतो. चांगला पांढरा कागद ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्याच्या पाचपट प्रकाश परत पाठवतो. चौकट कागदाने भरली की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो चित्र गडद करतो.

हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. एका फोटोत चौकटभर पांढरा कागद घ्या, दुसऱ्यात त्याच जागी, त्याच उजेडात चौकटभर काळे कापड. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की पांढरा अंधारलेला आणि काळा फिकटलेला दिसेल. आजचे फोन दृश्य ओळखून स्वतःच थोडी दुरुस्ती करतात, त्यामुळे दोन्ही तंतोतंत सारखे येणार नाहीत. पण दोन्ही राखाडीकडे सरकलेले असतील.

यावरचा उपाय फोनमध्येच आहे. पडद्यावर वस्तूवर बोट ठेवून क्षणभर दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये सूर्याचे लहान चिन्ह दिसते. ते वर सरकवले की चित्र उजळते. किती सरकवायचे? कागद पांढरा दिसू लागेल तिथपर्यंत, पण वस्तूवरचे चकाकते भाग कोरे पडण्याच्या आधी थांबायचे. फोटो एखाद्या पांढऱ्या पानावर किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीच्या पडद्यावर ठेवून पाहावा. चौकटीची कड ठळक दिसली तर कागद अजून राखाडी आहे. उलट वस्तूची कडच कागदात विरघळली असेल तर उजेड जास्त झाला.

सावली मात्र असे चिन्ह सरकवून जात नाही. तिचा संबंध दिव्याच्या आकाराशी आहे. निरांजनाची कड कागदापासून ५ सेंटीमीटर उंच आहे आणि ६ सेंटीमीटर रुंदीचा साधा बल्ब तिच्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे असे समजा. सावलीच्या काठाचा अस्पष्ट भाग साधारण ६ × ५ ÷ ६० म्हणजे अर्धा सेंटीमीटर येतो; म्हणून सावली रेखल्यासारखी दिसते. आता बल्बऐवजी ४० सेंटीमीटर रुंदीचा उजळलेला पडदा २० सेंटीमीटरवर आणला तर तोच भाग ४० × ५ ÷ २० म्हणजे १० सेंटीमीटर होतो. सावलीपेक्षा तिचा काठच मोठा झाला! ढगाळ दिवशी आपली सावली नाहीशी होते ती याच कारणाने.

असा पडदा म्हणजेच प्रकाशतंबू. तो विकत मिळतो, पण आम्ही ४० सेंटीमीटर बाजूचे किराणा दुकानातले खोके घेतले. दोन्ही बाजूंना आणि वर खिडक्या कापल्या व त्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवला. आत पांढरे कार्डशीट मागच्या भिंतीवरून तळावर वळवत आणले. कोपऱ्यात घडी पडू द्यायची नाही, नाहीतर फोटोत मागे आडवी रेघ येते. दोन्ही बाजूंना कागदापासून ३० सेंटीमीटरवर ९ वॅटचा एकेक एलईडी बल्ब लावला. बल्ब कागदाला खेटून ठेवला तर मधे एकच झगमगता ठिपका उमटतो आणि आपला मोठा दिवा पुन्हा लहान होतो. दोन्ही बल्ब एकाच कंपनीचे, एकाच पांढऱ्या छटेचे होते. वरची ट्यूब बंद केली, खिडकीला जाड पडदा लावला. एका बाजूने आकाशाचा निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूने बल्बचा पिवळा असेल, तर फोन रंगाची दुरुस्ती कोणत्या बाजूसाठी करणार? एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

पहिल्या फोटोत सावली विरली, कागद पांढरा झाला. पण निरांजनाच्या पोटावर मधोमध एक काळा चौकोन आला! ज्यांना तो डाग वाटला त्यांनी लगेच फडके घेतले. घासून काय होणार? चकचकीत पितळ हा आरसाच आहे, आणि फुगीर असल्यामुळे तो भोवतालचे जवळजवळ सगळे दाखवतो. तंबूच्या तीन बाजू पांढऱ्या, पण समोरची बाजू उघडी, आणि त्या अंधाऱ्या भगदाडात फोन धरलेले आम्ही. पहिल्या फोटोतले काळे पट्टेही असेच, खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांचे होते. मग समोर पांढरे कार्डशीट लावले आणि फोनच्या भिंगापुरते भोक पाडले. चौकोनाचा टिकलीएवढा ठिपका उरला. फोन थोडा वर नेऊन खाली कलवला तेव्हा तोही काठाकडे सरकला. फोन वस्तूपासून ४०-५० सेंटीमीटर दूर ठेवून चित्र दुपटीने मोठे करून घेतले, कारण फार जवळून काढले की पुढचा भाग फुगल्यासारखा दिसतो.

आणि मग गंमत झाली. निरांजन आता इतके एकसारखे उजळले की ते पितळेचे न वाटता पिवळा रंग दिलेल्या मातीचे वाटू लागले. चहूकडे पांढरे असले की आरशात पांढरेच दिसणार; धातूची चमक डोळ्याला कळते ती उजळ आणि गडद यांच्या शेजारीपणामुळे. म्हणून दोन बोटे रुंदीची काळ्या कागदाची एकेक पट्टी तंबूच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर उभी केली. लगेच निरांजनाच्या दोन्ही कडांवर बारीक गडद रेघ आली आणि गोलाई उठून दिसली. आधी हटवलेला काळा रंग आम्ही असा परत आणला, फक्त आपल्याला हवा तिथे. पट्टी मागेपुढे सरकवून रेघ किती रुंद हवी ते फोनच्या पडद्यावर पाहत ठरवता येते.

माती, कापड, लाकूड अशा चमक नसलेल्या वस्तूंना या पट्ट्यांची गरज सहसा पडत नाही. काचेच्या बरणीला मात्र हा तंबू नीट लागू पडत नाही. तिथे उजेड मागच्या पांढऱ्या पडद्यावर टाकावा लागतो आणि काळ्या पट्ट्या बरणीच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्या लागतात, म्हणजे काचेच्या कडा गडद दिसतात.