लेखांक ६ : आलमट्टीचा कन्नड तक्ता

मागच्या लेखांकात जुना फोटो नव्या घटनेच्या नावाने कसा फिरतो ते पाहिलं. या वेळी चित्र ताजं आहे, खरंही असू शकतं, पण ते आपल्याला वाचता येत नाही.

पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की सांगली-कोल्हापूरकडच्या गटांमध्ये आलमट्टी धरणाचे कन्नड तक्ते येऊ लागतात. तक्त्याच्या वर कुणीतरी मराठी ओळ जोडलेली असते. नमुन्यादाखल असं एक चित्र घेऊ. मराठी ओळ म्हणते, ‘आवक १,७५,०००, विसर्ग फक्त १,१२,०००. आलमट्टीने पाणी अडवलं, सांगली बुडणार!’ खाली कन्नड तक्ता, आणि त्यात हे दोन्ही आकडे खरोखरच आहेत. आकडे जुळले की बहुतेकांची खात्री पटते आणि चित्र पुढे जातं.

पहिलं काम म्हणजे मराठी ओळ झाकून तक्ता ओळीओळीने उतरवून घेणं. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने अंदाज येतो, पण पुसट चित्रात ती अक्षरं चुकवते आणि रकाने एकमेकांत मिसळते. जत, अक्कलकोट, गडहिंग्लज भागात कन्नड वाचणारे भरपूर आहेत. त्यांपैकी कुणाला चित्र पाठवताना ‘हे खरं आहे का?’ असं विचारू नये. ‘वरपासून खालपर्यंत जसंच्या तसं वाचून दाखवा’ असं सांगावं, आणि मराठी ओळ आधी कळवू नये. नाहीतर वाचणाराही तीच शोधत बसतो.

आपल्या नमुन्यात असं वाचन झालं की चित्र पालटतं. ‘गरिष्ठ मट्ट’ म्हणजे कमाल पातळी, ५१९.६० मीटर. ‘इंदिन मट्ट’ म्हणजे आजची पातळी, ५१७.३० मीटर. ‘ओळहरिवु’ म्हणजे आत येणारं पाणी, १,१२,००० क्युसेक. ‘होरहरिवु’ म्हणजे बाहेर जाणारं, १,७५,००० क्युसेक. मराठी ओळीने दोन आकड्यांची अदलाबदल केली आहे. धरण भरत नसून उतरतं आहे.

भाषांतर बरोबर आहे की नाही, हे आकड्यांवरूनही पडताळता येतं. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर साधारण ११,५७४ क्युसेकचा प्रवाह लागतो. इथे आवक-जावकीतला फरक ६३,००० क्युसेक आहे. तो दिवसभर टिकला तर साठा सुमारे साडेपाच टीएमसीने घटायला हवा. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात साठा घटलेला दिसला तर वाचन बरोबर. वाढलेला दिसला तर रकाने पुन्हा तपासायचे, किंवा मधल्या काळात विसर्ग बदलला का ते पाहायचं.

दोन जागी विशेष लक्ष हवं. पहिली, कापलेली कड. अशा तक्त्यांत ‘कळेद वर्ष’, म्हणजे गेल्या वर्षीच्या याच दिवसाचा रकाना असू शकतो. मथळा कापला गेला की गेल्या वर्षीची पातळी आजची म्हणून वाचली जाते. म्हणून दिनांक आणि रकान्याचं डोकं दिसत नसेल तर ते चित्र अपुरं समजावं. दुसरी जागा बातमीच्या कात्रणातली. ‘साध्यते’ म्हणजे कन्नडमध्ये शक्यता. मराठी डोळ्याला त्यात ‘साध्य झालं’ असा भास होतो, आणि पाणी सोडण्याची शक्यता ही पाणी सोडल्याची बातमी होऊन बसते.

शब्द बरोबर लागले तरी एक प्रश्न उरतो : ही सूचना कुणासाठी आहे? ‘येच्चरिके’, म्हणजे इशारा, असं लिहिलेली कात्रणं सांगलीत घबराट उडवतात. पण सांगली आलमट्टीच्या वरच्या अंगाला आहे. धरणातून सोडलेलं पाणी खाली नारायणपूर, रायचूरकडे जातं; तो इशारा तिथल्या नदीकाठासाठी असतो. सांगलीच्या दृष्टीने वाढलेला विसर्ग ही धास्तीची बातमी नव्हे. इथला वाद धरणाच्या फुगवट्याचा आहे, म्हणजे पाणी अडल्याने मागे होणाऱ्या परिणामाचा. २०१९च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने आलमट्टीला त्या पुराचं मुख्य कारण मानलं नाही, तरी वाद थांबलेला नाही. नेमकं म्हणूनच आवक-जावकीची उलटापालट इथे चटकन खरी वाटते.

अचूक भाषांतर तक्त्यात काय लिहिलंय एवढंच सांगतं. तक्ता अस्सल आहे की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी त्याच तारखेचे आकडे कर्नाटकच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या किंवा केंद्रीय जल आयोगाच्या माहितीशी ताडावे लागतात. पातळी आणि विसर्ग दोन्ही जुळले तर तक्ता खरा आणि मराठी ओळ खोटी, असं ठामपणे म्हणता येतं. गटात उत्तर देताना तक्त्याचं पूर्ण मराठी वाचन, तारीख आणि चुकलेली ओळ, एवढं लिहावं. घर सोडायचं की नाही हे मात्र आलमट्टीच्या चित्रावरून ठरवू नये. त्यासाठी कोयना-वारणेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी पाहावी. तिथे धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे.

(पुढील आठवड्यात : कात्रणासारखं दिसणारं, पण कुठल्याच वर्तमानपत्रात न छापलेलं कात्रण)