बँकेला ठाऊक नसलेल्या दागिन्यांचा करार

बँकेच्या लॉकर करारात एक कलम असतं. लॉकरमध्ये काय ठेवलं आणि त्यातून काय काढलं, याची कसलीही नोंद बँकेकडे नसते, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. सही करायच्या घाईत हे कलम डोळ्यांखालून निसटतं. पण जरा थांबून विचार केला तर हा व्यवहार चक्रावून टाकणारा आहे. जाड पोलादी दार, कॅमेरे, पहारा, सगळं बँकेचं. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप ते नेमकं काय आहे, हे बँकेला माहीत नाही. विशेष म्हणजे ते तिला माहीत नसावं, अशीच सगळ्यांची इच्छा असते.

लॉकरचं कुलूपही तसंच बनवलेलं आहे. त्याला दोन किल्ल्या लागतात. बँकेचा कस्टोडियन आधी आपली मास्टर की फिरवतो आणि बाजूला होतो. मग आपली किल्ली फिरली की दार उघडतं. नुसत्या बँकेच्या किल्लीने ते उघडत नाही, नुसत्या आपल्याही नाही. बंद करताना मात्र आपली एकटी किल्ली पुरते, म्हणजे आत काय राहिलं ते पाहायला दुसरं कोणी लागत नाही. करार वाचताना हे कुलूप डोळ्यांसमोर ठेवावं. भाडं, भरपाई, नामनिर्देशन, बँकेने लॉकर उघडणं, यांतलं प्रत्येक कलम ‘आत काय आहे ते बँकेला माहीत नाही’ या एकाच अडचणीतून जन्मलेलं आहे.

भरपाईचंच बघा. समजा, कोल्हापुरातल्या एका काकूंनी वर्षाला २,००० रुपये भाड्याचा लॉकर घेतला. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खात्यातून २,३६० रुपये गेले. लॉकर देताना बँकेने एक मुदत ठेवही मागितली. हे नियमाला धरूनच आहे: तीन वर्षांचं भाडं आणि वेळ आलीच तर लॉकर फोडायचा खर्च निघेल, इतकी ठेव नव्या लॉकरधारकाकडून घेता येते. त्याहून मोठी ठेव किंवा सोबत विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला सुरुवात झाली, तर काकूंनी नियम दाखवायला सांगावं. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँकेने स्वतः विकूच नये, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे.

आता काकूंनी आत मंगळसूत्र, पाटल्या, तोडे असं मिळून १५ तोळे सोनं ठेवलं. सोनं दहा ग्रॅमला लाख रुपये धरलं तरी ते साडेसतरा लाखांच्या घरात जातं. पुढे चोरट्यांनी स्ट्राँगरूम फोडली आणि लॉकर रिकामा झाला. बँक किती देणार? करारात उत्तर आहे: चालू वार्षिक भाड्याच्या शंभरपट. म्हणजे २,००० गुणिले १००, दोन लाख रुपये. जीएसटी त्यात धरायचा नाही.

पहिल्यांदा हे वाचलं की माणूस चिडतो. सोन्याची किंमत भाड्यावरून कशी ठरवता? पण दुसरं काय धरणार? आतल्या सोन्याचा आकडा बँकेकडे नाही, आणि काकू नंतर जो सांगतील तो पडताळायला कोणी साक्षीदार नाही. दोघांनाही मान्य असलेला, कागदावर छापलेला आकडा एकच, तो म्हणजे भाडं. म्हणून त्यालाच शंभराने गुणलं. यातून गमतीदार प्रकार घडतात. तेच मंगळसूत्र मोठ्या लॉकरमध्ये ठेवलं तर बँकेची जबाबदारी वाढते, कारण भाडं जास्त. गावच्या शाखेत भाडं कमी असेल तर तिथे तीच जबाबदारी घटते. भाडं वाढलं म्हणून कुरकुरताना ही बाजूही लक्षात घ्यायला हरकत नाही.

ही शंभरपट भरपाईसुद्धा ठरावीक प्रसंगांनाच लागू आहे: आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणं आणि बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली लबाडी. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरट्यांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, तिथून भुयार खणलं आणि थेट एका बँकेच्या लॉकर खोलीत शिरून तीसेक लॉकर फोडले. असा प्रकार आज झाला तर तो सरळ या कलमात बसेल. भूकंप, पूर, वीज, वादळ मात्र यातून वगळलेलं आहे. कोल्हापूर-सांगलीने २०१९चा पूर पाहिलाय, चिपळूणने २०२१चा. त्या भागातल्या वाचकांनी हे कलम दोनदा वाचावं. जागेचं अशा आपत्तींपासून रक्षण होईल इतकी काळजी बँकेने घ्यायचीच आहे. पण काळजी घेऊनही पाणी शिरलं, तर शंभरपटीचा हिशेब लागू होत नाही. तळघरातली लॉकर खोली आणि पहिल्या मजल्यावरची लॉकर खोली यांत फरक पडतो तो इथे.

हे नियम आले कुठून, याची गोष्ट कोलकात्याची आहे. तिथल्या एका ग्राहकाच्या आईने १९५०च्या दशकात लॉकर घेतला होता. १९७० साली मुलाचं नाव लागलं. १९९५च्या मे महिन्यात तो लॉकर उघडायला गेला, तेव्हा बँकेने सांगितलं की भाडं थकलं म्हणून आम्ही तो सप्टेंबर १९९४मध्येच फोडला. प्रत्यक्षात भाडं थकलेलं नव्हतं आणि चुकून फोडल्याचं बँकेने नंतर मान्यही केलं. ग्राहकाच्या म्हणण्यानुसार सात दागिन्यांपैकी दोनच हाती आले. आत सात होते की दोन? इथे पुन्हा तीच अडचण आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९ फेब्रुवारी २०२१ला निकाल लागला. आत काय होतं ते पुराव्याने ठरवण्यासाठी दिवाणी न्यायालयात जा, असं न्यायालयाने सांगितलं. पण पूर्वसूचना न देता लॉकर फोडणं हाच सेवेतला दोष ठरवून बँकेला त्या ग्राहकास पाच लाख रुपये भरपाई आणि वर एक लाख खर्च द्यायला लावलं. आत काय आहे ते माहीत नाही, एवढं म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. त्याच वर्षी १८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने नवे नियम काढले आणि १ जानेवारी २०२२पासून ते लागू झाले.

त्यामुळे बँकेला लॉकर कधी उघडता येतो, याची कलमं आता बरीच काटेकोर असतात. सलग तीन वर्षं भाडं भरलं नाही तर बँक लॉकर फोडू शकते. त्याआधी पत्र, ईमेल, एसएमएस, आणि तरी पत्ता लागला नाही तर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. फोडताना बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर हवेत, सगळ्याचं चित्रीकरण हवं, सापडलेल्या वस्तूंची यादी हवी आणि वस्तू मोहोरबंद पाकिटात ठेवायला हव्यात. कोलकात्याला नव्हतं ते सगळं यात आहे. पोलीस किंवा न्यायालयाच्या आदेशानेही लॉकर उघडला किंवा जप्त केला जाऊ शकतो. तेव्हा ग्राहकाला पत्राने, तसंच ईमेल-एसएमएसने कळवायचं असतं.

पण सगळ्यात अनपेक्षित कलम सात वर्षांचं आहे. भाडं खात्यातून बिनबोभाट कापलं जात असलं, तरी लॉकर सात वर्षं उघडलाच नाही आणि धारकाचा ठावठिकाणा लागत नाही, तर बँक तो उघडून वस्तू वारसाकडे किंवा नॉमिनीकडे देण्याची किंवा त्यांची विल्हेवाट लावण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. मुलाकडे अमेरिकेला राहायला गेलेले, इथला मोबाइल नंबर बंद केलेले आई-वडील या कलमात अलगद सापडतात. भाडं भरलंय ना, एवढं पुरेसं नाही.

राहिला नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की त्यावरून भावाभावांत अबोला धरला जातो. कायदा सांगतो ते वेगळंच. धारक गेल्यावर नॉमिनीने वस्तू नेल्या की बँकेची जबाबदारी संपते. पण त्या वस्तूंवरचा वारसांचा हक्क संपत नाही, तो ते नॉमिनीकडे मागू शकतात. काकूंनी धाकट्या मुलीचं नाव लावलं असेल, तर दागिने तिच्या हातात येतील. ते कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवेल. १ नोव्हेंबर २०२५पासून चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, मात्र लॉकरसाठी ते क्रमवार असतात. पहिली व्यक्ती हयात नसेल, तरच दुसरीचा नंबर लागतो. खात्यातल्या ठेवीसारखे टक्के वाटून देता येत नाहीत, आणि ते साहजिक आहे. आत किती आहे हेच माहीत नसताना बँक पंचवीस टक्के कशाचे काढणार?

लॉकर संयुक्त नावाने असेल तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असा उल्लेख आहे, की ‘दोघांनी मिळून’, हे बघा. पहिल्या प्रकारात नवऱ्यामागे बायको एकटी लॉकर उघडू शकते. दुसऱ्यात नॉमिनी असेल तर त्याला बरोबर घेऊन जावं लागतं.

नॉमिनी आला की बँक पहिल्यांदाच आत बघते. दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी होते. तरीही एक जागा झाकलेलीच राहते: लॉकरमध्ये सीलबंद किंवा बंद पुडकं सापडलं, तर नॉमिनीच्या हवाली करताना ते उघडून बघण्याची बँकेला गरज नाही, असं नियमच सांगतो. यादीत नोंद होते ती फक्त ‘एक बंद पुडकं’. इतकं गुपित अखेरपर्यंत सांभाळणारा दुसरा व्यवहार मला तरी माहीत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. हे नियम व्यापारी आणि सहकारी बँकांना आहेत. पतसंस्था बँक नसते. तिथल्या लॉकरला शंभरपटीचं कलम आपोआप लागू होत नाही. तिथे करारात जे छापलंय, तेवढाच आधार.

लॉकर बँकेत असेल तर मुद्रांकावरच्या कराराची मूळ प्रत शाखेकडे राहते आणि सही झालेली दुसरी प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. ती घरी नसेल तर शाखेत जाऊन मागा. त्याच खेपेला नॉमिनीचं नाव आणि नोंदवलेला मोबाइल नंबर तपासा. लॉकर उघडला की त्याच दिवशी एसएमएस आला पाहिजे. तो आला नाही, तर बँकेकडे तुमचा नंबर जुना आहे असं समजा. आणि आतल्या वस्तूंची यादी फोटोंसह, सराफाच्या पावत्यांसह घरी ठेवा. बँक ती करत नाही.