डिलीट केलं, तरी डिस्क भरलेलीच

ऑनलाइन विक्री करणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे असं समजू. तिच्या सर्व्हरवर रोज 4 जीबी लॉग जमतात: कोणी कधी लॉगिन केलं, कुठे एरर आली, कुठलं पेमेंट अडकलं. तीन वर्षं काहीच पुसलं नाही, तर हा ढीग सुमारे 4,400 जीबीचा होतो. राखीव सर्व्हरवर आणि बॅकअपमध्येही त्याच्या प्रती असतात, म्हणजे एकूण 13 टीबी. अशा वेळी आयटी विभाग नव्या डिस्कसाठी पैसे मागतो. खरं तर त्याने व्यवस्थापनासमोर आधी ठेवायला हवा तो नोंदी किती काळ जपायच्या याचा प्रस्ताव.

मुदत ठरवताना सुरुवात कायद्यापासून करावी लागते. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपणं बंधनकारक आहे. म्हणून शेवटचे 30 दिवस जसेच्या तसे ठेवायचे (120 जीबी) आणि आधीचे 150 दिवस कॉम्प्रेस करायचे. मजकुराच्या फाइल्स अनेकदा दहाव्या हिश्शावर येतात, म्हणजे 60 जीबी. त्याहून जुने लॉग पुसायचे. 4,400 जीबीचं काम 180 जीबीत भागतं.

व्यवहारांना हा हिशेब चालत नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. त्यामुळे जुनी बिलं पुसायची नसतात, तर चालू डेटाबेसमधून स्वस्त साठवणुकीत हलवायची असतात. हलवल्यावर दोन्हीकडची बिलांची संख्या आणि रकमांची बेरीज जुळते का ते पाहायचं, एखादं जुनं बिल काढून बघायचं आणि मगच मूळ नोंद पुसायची. ज्या व्यवहारावर वाद किंवा कोर्टकचेरी चालू आहे, त्याला मुदत संपली तरी हात लावायचा नाही.

खरी फसगत पुढे होते. डेटाबेसमध्ये DELETE चालवलं की ओळी जातात, पण फाइलचा आकार सहसा तेवढाच राहतो. मोकळी झालेली जागा डेटाबेस पुढच्या नोंदींसाठी स्वतःकडेच राखून ठेवतो. म्हणून टेबलाचे वर्षवार भाग, म्हणजे पार्टिशन, आधीच पाडलेले असावेत. अख्खा भाग काढला की जागा लगेच सुटते. जुन्या बॅकअपमधल्या प्रती मात्र त्या बॅकअपची मुदत संपेपर्यंत राहतातच.

हे सगळं प्रस्तावात आलं नाही, तर बचतीचा आकडा कागदावरच राहतो. विकत घेतलेल्या डिस्कचे पैसे परत मिळत नाहीत, फक्त पुढची खरेदी लांबते. क्लाउडवर भाड्याने घेतलेली डिस्कही बहुधा वाढवता येते, लहान करता येत नाही. त्यासाठी नवी छोटी डिस्क घेऊन डेटा तिकडे न्यावा लागतो. म्हणून प्रस्तावात ‘इतके टीबी वाचतील’ एवढ्यावर थांबू नये. कुठलं बिल कुठल्या महिन्यापासून कमी येईल, आणि पुसण्याच्या आदेशावर आयटीसोबत लेखा विभागातून कोण सही करेल, हेही त्यात लिहावं.